महिन्यातले आठ दिवस : पाळीआधीचा आजार ओळखणारी वही

वाकोल्यात आमची बायकांची बैठक रविवारी दुपारी असते. ती संपल्यावर भांडी आवरायच्या निमित्ताने एकजण मागे राहते, हे मला आता अनुभवाने कळतं. त्या दिवशी मागे राहिलेली ताई चौतीस वर्षांची होती. बीकेसीतल्या एका ऑफिसात हाउसकीपिंगचं काम करते, दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणात ऑपरेशन झालेलं. (ओळख पटेल अशा खुणा मी काढून टाकल्या आहेत, आणि तिने लिहायला परवानगी दिली आहे.) ती म्हणाली, "सिस्टर, महिन्यातले आठ दिवस मी मी नसते. पोरांवर हात टाकते. मग पाळी आली की दुसऱ्या दिवशी असं वाटतं, ते कोण होतं?"

सासूचं म्हणणं होतं, बाहेरचं काहीतरी लागलंय. नवऱ्याचं म्हणणं, हिचा स्वभावच तापट. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. आणि मी? खरं सांगायचं तर वॉर्डात नोकरी करत असताना अशा कितीतरी जणींना मी स्वतः म्हटलं आहे, "पाळीचं आहे गं, सगळ्यांना होतं." ते चूक होतं. सगळ्यांना होत नाही.

पाळीआधी थोडी चिडचिड, छाती जड होणं, पोट फुगणं हे बहुतेक बायकांना जाणवतं. पण शंभरात दोन ते पाच जणींना जे होतं ते वेगळं असतं. राग, रडू, निराशा इतकी वाढते की काम, घर, माणसं सगळ्यांवर परिणाम होतो, आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या डीएसएम-५ या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही तो आहे.

रक्ताच्या तपासणीत का दिसत नाही

ताईचा पहिला प्रश्न होता, "हार्मोनची तपासणी करू का? बाराशे रुपये सांगितलेत." मी तिला थांबवलं. या आजारात हार्मोनचं प्रमाण बिघडलेलं नसतं. महिन्याच्या मध्यावर अंडाशयातून बीज बाहेर पडतं, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळी जवळ आली की उतरतं. हा चढउतार सगळ्यांनाच होतो. पीएमडीडी असलेल्या बाईचा मेंदू त्या नेहमीच्या चढउतारालाच जास्त प्रतिसाद देतो.

हे एका प्रयोगातून स्पष्ट झालं. १९९८ साली अमेरिकेत डॉ. पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बायकांच्या अंडाशयाचं काम औषधाने थांबवलं. ज्यांना पाळीआधी त्रास होत असे त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रास परत आला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच हार्मोन त्याच पद्धतीने दिली, तर काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोन तेच, फरक ते झेलणाऱ्या मेंदूत. म्हणूनच हार्मोनचा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि बाईला सांगितलं जातं की तुला काही झालेलं नाही.

रक्त तपासायचं ते दुसऱ्या कारणासाठी. थायरॉइड कमी असेल किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर थकवा, उदासी, चिडचिड येते आणि तीच पीएमडीडी वाटू शकते. ताईचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, पण थकवा कमी होऊनही आठ दिवसांचं ते चक्र तसंच राहिलं.

आठवणीवर विसंबू नका

मग निदान कसं करायचं? रोजच्या नोंदीने. 'मागच्या महिन्यात कसं वाटलं' असं विचारलं तर आपण सगळ्याच फसतो. पाळीच्या आदल्या दिवशी भांडण झालं असेल तर ते लक्षात राहतं, महिन्याच्या मध्यावर झालेलं विसरतो. शिवाय 'पाळीमुळे चिडचिड होते' हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे आठवण आपोआप त्या खणात जाऊन बसते. नुसत्या आठवणीवर ज्यांना हा आजार वाटतो त्यांनी रोज लिहायला सुरुवात केली, की त्यातल्या अनेकींच्या वहीत तो दिसत नाही. म्हणून नियम असा आहे : त्रासाच्या किमान दोन पाळीचक्रांत रोजच्या रोज लिहिलेली नोंद हवी. तोपर्यंत डॉक्टर फक्त 'तात्पुरतं निदान' म्हणू शकतात.

यासाठी जगभर वापरला जाणारा तक्ता म्हणजे डीआरएसपी. न्यूयॉर्कच्या जीन एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. त्यात प्रत्येक त्रासाला रोज १ ते ६ आकडा द्यायचा असतो : १ म्हणजे अजिबात नाही, २ म्हणजे जेमतेम, ३ थोडा, ४ मध्यम, ५ जास्त, ६ अगदी टोकाचा. डॉक्टरांकडे छापील तक्ता मिळाला तर तोच घ्यावा. नाही मिळाला तर पानं आखून काम चालतं.

ताईसाठी आम्ही दोनशे पानी वही घेतली. डाव्या बाजूला उभ्या ओळीत अकरा त्रास लिहिले. पहिले चार मनाचे आणि मुख्य : मन क्षणात बदलणं किंवा अचानक रडू येणं, राग व भांडण, उदासी, काळजी व ताण. मग बाकीचे सात : कशात रस न वाटणं, लक्ष न लागणं, थकवा, खाण्यात बदल, झोपेत बदल, सगळं अंगावर आल्यासारखं वाटणं, आणि शरीराचा त्रास म्हणजे छाती दुखणं, पोट फुगणं, सांधे दुखणं. खाली तीन ओळी आणखी : आज कामावर किती अडलं, घरच्या कामात किती अडलं, माणसांशी वागण्यात किती अडलं. वर आडव्या रांगेत तारखा. रक्तस्राव असेल त्या दिवशी तारखेखाली लाल ठिपका.

पाळीच्या पहिल्या दिवसाला एक नंबर द्यायचा. नुसता डाग दिसला तर तो पहिला दिवस नव्हे, नीट स्राव सुरू होईल तो पहिला. आधीचा आठवडा मात्र पुढची पाळी आल्यावर उलटा मोजायचा. चक्र २८ दिवसांचं असो वा ३१ चं, पाळीच्या आधीचे सात दिवस ते सातच.

भरण्याची वेळ रोज एकच ठेवायची. ताई रात्री मुलं झोपल्यावर भरायची. तिला भीती होती की नवरा वाचेल. म्हणून तिने त्रासांची नावंच लिहिली नाहीत, क, ख, ग अशी अक्षरं लिहिली आणि त्याची यादी माझ्याकडे ठेवली. घरातल्या माणसाला ती दूधवाल्याच्या हिशेबाची वही वाटली. जिला लिहिता येत नाही तिने तेवढ्या रेघा ओढाव्यात, एक रेघ ते सहा रेघा.

एक चूक मात्र बऱ्याच जणींची होते, ताईचीही झाली. चार दिवस राहिले आणि रविवारी बसून तिने एकदम भरले. मला लगेच कळलं, कारण चारही दिवसांचे आकडे जवळजवळ सारखे होते आणि शाईही एकच. असे दिवस भरू नयेत, रिकामे सोडावेत. रिकामा दिवस चालतो, पण आठवून भरलेला दिवस खोटी साक्ष देतो.

वही कशी वाचतात

पहिलं चक्र २८ दिवसांचं निघालं. आपण फक्त रागाची ओळ वाचू. पाळीआधीच्या सात दिवसांत तिचे आकडे होते ३, ४, ५, ५, ६, ५, ४. बेरीज ३२, सरासरी साधारण ४.६. पाळी सुरू झाल्यावर चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंतचे आकडे होते २, १, १, १, १, २, १. बेरीज ९, सरासरी साधारण १.३.

इथे तीन प्रश्न विचारायचे. पहिला, आधीच्या आठवड्यात किमान दोन दिवस आकडा ४ किंवा वर गेला का? गेला, सहा दिवस. दुसरा, नंतरच्या आठवड्यात सगळे आकडे ३ किंवा खाली आहेत का? आहेत. तिसरा, दोन आठवड्यांतला फरक पुरेसा मोठा आहे का? तिने १ ते ६ सगळे आकडे वापरले, म्हणजे पाच घरांचा पल्ला. त्याचा तीस टक्के म्हणजे दीड. तिचा फरक ३.३, दीडपेक्षा बराच जास्त. रागाची ओळ तिन्ही प्रश्नांत पास झाली.

अकरापैकी किमान पाच ओळी अशा पास व्हाव्या लागतात, आणि त्यातली किमान एक पहिल्या चारांपैकी हवी. ताईच्या सहा झाल्या : राग, रडू, काळजी, झोप, सगळं अंगावर येणं आणि शरीराचा त्रास. खालच्या तीन ओळींत 'माणसांशी वागणं' ही ओळ पाच दिवस ५ वर होती. म्हणजे त्याचा संसारावर परिणाम होत होता, हेही दिसलं.

दुसऱ्या चक्रात घोळ झाला. पाळीच्या सातव्या-आठव्या दिवशी मुलाला डेंग्यू झाला. काळजीची ओळ त्या दोन दिवशी ५ वर गेली, झोपेचीही. जो आठवडा स्वच्छ असायला हवा तोच गढूळ झाला. सुदैवाने तिने पानाच्या कडेला 'बाबूला ॲडमिट' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सांगितलं, "आणखी एक महिना लिही." तिसरं चक्र पहिल्यासारखंच आलं. पहिलं आणि तिसरं मिळून निदान पक्कं झालं. कडेच्या त्या दोन शब्दांनी एक महिना जास्त घेतला, पण चुकीचं निदान वाचवलं.

आता दुसऱ्या एका बाईची वही सांगते, कारण फरक तिथेच कळतो. तिचेही पाळीआधी उदासीचे आकडे ५ आणि ६ होते. पण पाळीनंतरच्या आठवड्यात ते ४ च्या खाली आलेच नाहीत. तिलाही वाटत होतं की सगळा दोष पाळीचा. वहीने दाखवलं की उदासी महिनाभर आहे आणि पाळीआधी तिला भरती येते. हा पीएमडीडी नव्हे. हा नैराश्याचा आजार आहे, जो पाळीआधी वाढतो. तिला उपचार वेगळा लागतो, तो पुढे येईलच.

एक अपवाद ठळक लक्षात ठेवा. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन महिने वही भरत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, घरात एका माणसाला सांगायचं, एकटं राहायचं नाही. सरकारच्या टेलि मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. पीएमडीडीत असे विचार पाळीआधीच्या दिवसांत जोर धरतात आणि नंतर ओसरतात, म्हणून 'आता बरी आहे ना' म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या महिन्यात ते परत येतात.

नैराश्याची गोळी, पण वेगळ्या तऱ्हेने

निदान झाल्यावर दोन मुख्य रस्ते आहेत. एक, सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्यावरची औषधं. दुसरा, बीज बाहेर पडणंच थांबवणारी हार्मोनची औषधं.

पहिल्या गटाचं नाव घेतलं की घरात आवाज चढतो. ताईची सासू म्हणाली, "वेड्याची गोळी चालू करणार?" मी त्यांना म्हटलं, "आत्या, ताप उतरवायला आणि अंगदुखीला आपण एकच क्रोसिन घेतो ना? गोळी एक असली तरी काम दोन ठिकाणी करते." सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम ही या गटातली नावं. नैराश्यात यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. पीएमडीडीत मात्र तो काही दिवसांत दिसतो. म्हणूनच इथे एक गोष्ट शक्य होते जी नैराश्यात होत नाही : गोळी महिनाभर न घेता फक्त गरजेच्या दिवसांत घेणं.

तीन पद्धती आहेत. पहिली, रोज महिनाभर. दुसरी, अर्धा महिना : बीज बाहेर पडण्याच्या सुमाराला, साधारण चौदाव्या दिवशी सुरू करून पाळी येईपर्यंत. तिसरी, त्रास सुरू झाल्या दिवशी चालू करून पाळी आली की बंद. तिसरीबद्दलचा पुरावा अजून कमी आहे. पहिल्या दोन्हींचा गुण येतो हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. कोक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात असं निघालं की रोज घेण्याचा फायदा अर्ध्या महिन्यापेक्षा बहुधा थोडा जास्त आहे. पण अर्ध्या महिन्यात गोळ्या निम्म्या लागतात आणि त्रासही निम्मेच दिवस.

यातली निवड वहीच करते. ज्या बाईचा पाळीनंतरचा आठवडा स्वच्छ आहे आणि पाळी साधारण ठरल्या दिवशी येते, तिला अर्धा महिना जमतो. ज्या दुसऱ्या बाईची गोष्ट सांगितली, जिची उदासी महिनाभर आहे, तिला अर्धा महिना चालणार नाही. तिला रोजच औषध हवं. जिची पाळी कधी पंचवीस तर कधी चाळीस दिवसांनी येते तिला चौदावा दिवस मोजूनही उपयोग नाही, तिलाही रोजची पद्धत सोपी.

ताईची पाळी २८ ते ३१ दिवसांत येत होती. मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांनी सरट्रालिन ५० मिलिग्रॅम, चौदाव्या दिवसापासून, जेवणानंतर, असं लिहून दिलं. पहिले तीन दिवस तिला मळमळलं आणि पोट ढिलं झालं, मग थांबलं. त्या चक्रात रागाच्या ओळीतले पाळीआधीचे आकडे होते ३, ३, ४, ३, ३, ३, २. सरासरी ३. पूर्वी ४.६ होती. ती म्हणाली, "राग येतो, पण हात उठायच्या आधी मला कळतं की येतोय."

पुढच्या महिन्यात डबल ड्युटी लागली आणि चौदावा दिवस निसटला. गोळी एकविसाव्या दिवशी सुरू झाली. पहिल्या तीन दिवशी राग ४, ५, ५. डॉक्टरांनी विचारलं, रोजचं करू का? तिने केलं. दोन महिन्यांत आकडे २-३ वर आले. मग ती एकदा माझ्याजवळ येऊन जमिनीकडे बघत म्हणाली की नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही. या औषधांचा हा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि बायका तो सांगत नाहीत, गुपचूप औषध सोडतात. मी तिला डॉक्टरांना सांगायला लावलं. त्यांनी हळूहळू डोस बदलून तिला परत अर्ध्या महिन्यावर आणलं, आणि या वेळी चौदाव्या दिवसाचा अलार्म मुलीने मोबाईलमध्ये लावून दिला. आजही ती तसंच घेते.

दोन गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगायच्या. कधी काळी झोप न लागता भरपूर उत्साह, वाटेल तसा खर्च, बडबड असे दिवस आले असतील, किंवा घरात कोणाला बायपोलर आजार असेल, तर सांगा. अशा बाईला ही औषधं उलट भडकवू शकतात. आणि टीबीचं, विशेषतः औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचं, औषध चालू असेल तर फाईल दाखवा. त्यातलं लिनेझोलिड हे औषध या गोळ्यांसोबत घेणं धोक्याचं ठरू शकतं. रोजच्या पद्धतीवर असाल तर गोळी एकाएकी बंद करू नका, चक्कर आणि बेचैनी येते. गर्भ राहिला किंवा राहावा असं वाटत असेल तर आधी बोला. पंचविशीच्या आतल्या मुलींकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण त्या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

हार्मोनचा रस्ता

दुसरा रस्ता ऐकायला सोपा वाटतो : बीजच बाहेर पडू द्यायचं नाही, मग चढउतारही नाही. पण प्रत्येक गर्भनिरोधक हे काम करत नाही, आणि आमच्या बायकांचा गोंधळ इथेच होतो.

पीएमडीडीसाठी सर्वात चांगला पुरावा एका ठरावीक गोळीचा आहे : ड्रोस्पायरेनोन ३ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल २० मायक्रोग्रॅम, पाकिटात २४ गोळ्या औषधाच्या आणि ४ बिनऔषधाच्या. ज्यांना गर्भनिरोधकही हवं आहे अशा बायकांसाठी अमेरिकेत २००६ साली पीएमडीडीवर तिला मान्यता मिळाली. रिकामे दिवस चारच असल्याने हार्मोनचा खड्डा लहान राहतो. ही गोळी मेडिकलमध्ये विकत घ्यावी लागते.

आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी माला-एन वेगळी आहे, तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल आहे. ती चांगलं गर्भनिरोधक आहे, पण पीएमडीडीवर तशा गोळ्यांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांचं, त्यात फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असतं. काही जणींची मनःस्थिती त्याने बिघडते, आणि एकदा टोचलं की तीन महिने परत काढता येत नाही. छाया गोळीत हार्मोन नाही, कॉपर-टीतही नाही, दोन्ही बीज बाहेर पडणं थांबवत नाहीत. नसबंदीही तसंच : नळ्या बांधल्या तरी अंडाशय आपलं काम करत राहतं. ताईचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती, तिचा त्रास तसूभर कमी झाला नव्हता.

मग ताईला ती २४ गोळ्यांची का दिली नाही? तिने डॉक्टरांना सांगितलं की डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात. ही अर्धशिशीची एक जात आहे, आणि अशा बाईला इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. तो रस्ता तिथेच बंद झाला. वाढलेलं बीपी, पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झालेली असणं, स्तनाचा कॅन्सर, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट, नुकतंच बाळंतपण, यांतही ती देत नाहीत. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते गोळीचा असर कमी करतं, गर्भही राहू शकतो. बीपीची किंवा मूत्रपिंडाची काही औषधं चालू असतील तर सांगा, ड्रोस्पायरेनोनसोबत रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. जिला गर्भनिरोधक हवंच आहे, वरचं काहीच नाही आणि बीपी मोजलेलं आहे, तिच्यासाठी मात्र ही एका गोळीत दोन कामं करणारी निवड आहे. गुण आला की नाही हे ठरवायला साधारण तीन चक्रं द्यावीत, वही चालू ठेवून.

यापुढे अंडाशय औषधाने बंद ठेवणारी इंजेक्शनं आहेत, १९९८ च्या त्या प्रयोगातली. ती महाग असतात, एकटीच दिली तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून सोबत थोडी हार्मोन परत द्यावी लागतात. वरचे दोन्ही रस्ते हरल्यावरच मोठ्या रुग्णालयात त्यांचा विचार होतो.

पिशवी काढून काय होतं

हे मुद्दाम लिहिते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या, आणि २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली, हे आपल्याला माहीत आहे. त्या बायकांच्या तक्रारी वेगळ्या होत्या. पण 'पाळीची कटकट, पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्या वस्तीतही मिळतो, ताईलाही एका खासगी दवाखान्यात मिळाला होता.

पीएमडीडीत पिशवी काढल्याने रक्तस्राव थांबतो, आजार थांबत नाही. चढउतार अंडाशयातून येतो आणि अंडाशय तर आतच असतं. उलट नुकसान होतं : लाल ठिपकाच गेल्याने वहीत आधीचा आठवडा कोणता आणि नंतरचा कोणता हे मोजता येत नाही, आणि निदान आणखी अवघड होतं. दोन्ही अंडाशयं काढणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. त्याआधी इंजेक्शनने अंडाशय बंद ठेवून त्रास खरंच जातो का हे पाहिलं जातं. ते न पाहता कोणी सही मागितली, तर सही करू नका, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

कुठे जायचं

वाकोल्यातून जवळचं पालिकेचं रुग्णालय म्हणजे सांताक्रूझ पूर्वेचं व्ही. एन. देसाई. मानसोपचारासाठी विलेपार्ल्याचं कूपर, सायन, केईएम, नायर ही मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. केसपेपर काढताना लाज वाटत असेल तर स्त्रीरोग ओपीडीपासून सुरुवात करा, तिथून कागद पुढे जातो. सोबत वही न्या. डॉक्टरांपुढे तीन मिनिटं मिळतात, त्यात आठ दिवसांचं दुःख सांगून होत नाही. दोन महिन्यांची वही मात्र तीन मिनिटांत वाचता येते.

औषध सुरू झाल्यावरही वही बंद करायची नाही. गुण आला का, डोस बदलावा का, एखाद वर्षाने थांबवून बघावं का, हे सगळं तिच्यातूनच कळतं. थांबवल्यावर त्रास परत येणं नेहमीचं आहे, ती तुमची हार नव्हे. आकडे परत ४ च्या वर जायला लागले की पुन्हा सुरू करायचं, एवढंच.

ताईच्या घरात आता वही लपवलेली नसते. मागच्या महिन्यात तिचा नवरा मला विहाराबाहेर भेटला. म्हणाला, "सिस्टर, चौदावा दिवस मीच मोजतो आता. अलार्म वाजला की पाण्याचा तांब्या आणून ठेवतो." मी त्याला विचारलं, "आणि तापट स्वभावाचं काय झालं?" तो हसला आणि म्हणाला, "तो माझा होता बहुतेक."

पुढच्या रविवारी मी आखलेल्या पानांच्या झेरॉक्स घेऊन बसणार आहे. जिला वाटतं की महिन्यातले काही दिवस आपण आपल्या राहत नाही, तिने एक पान घेऊन जावं आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून भरायला घ्यावं.